कांद्याच्या मूलाग्राचे फोटो: जर्नलमध्ये कोणता लावायचा?

सूत्री विभाजनाच्या प्रॅक्टिकलला स्लाइड तयार झाली की आयपीसला मोबाइल लावून दहा-पंधरा फोटो सहज निघतात. खरा प्रश्न त्यानंतर येतो. त्यातला एकच फोटो जर्नलमध्ये जाणार असतो, आणि निवड बहुतेक वेळा रंगावर होते: जो सर्वांत गडद गुलाबी, तो चांगला. पण गडद फोटोत पेशीद्रव्यही रंगलेलं असतं, त्यामुळे गुणसूत्रांच्या कडा त्यात बुडून जातात. हा लेख ठाणे-नवी मुंबईतल्या बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ॲसिटोकार्मिनने रंगवलेल्या कांद्याच्या मूलाग्राचे ४०x ऑब्जेक्टिव्हखालचे फोटो एकमेकांशी कसे ताडून पाहायचे, फोटोत दिसणारा दोष स्लाइडचा, उजेडाचा की मोबाइलचा हे कसं ओळखायचं, एवढंच यात आहे.

फोटोखाली काय लिहिणार, ते आधी ठरवा

तुलना सुरू करण्यापूर्वी फोटोखालची ओळ कागदावर लिहून ठेवा. ‘मध्यावस्थेतील पेशी’ असं लिहिणार असाल तर फोटोत गुणसूत्रं पेशीच्या मध्यरेषेवर आलेली दिसायला हवीत आणि निदान कडेच्या काही गुणसूत्रांच्या भुजा वेगळ्या ओळखता यायला हव्यात. ‘पश्चावस्था’ लिहिणार असाल तर दोन गट आणि त्यांच्यामधली फिकट मोकळी जागा दिसली पाहिजे. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात, पण साध्या दाबून केलेल्या स्लाइडमध्ये ती सगळी सुटी मोजता येतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी कॉल्चिसिनसारख्या द्रव्याची पूर्वप्रक्रिया करावी लागते.

ओळ आधी लिहिल्याचा फायदा असा की फोकस म्हणजे ‘कशावर फोकस’ हे ठरून जातं. पेशीभित्तिका धारदार आणि गुणसूत्रं धूसर असा फोटो पेशींच्या आकाराच्या नोंदीला चालेल, मध्यावस्थेच्या नोंदीला अजिबात चालणार नाही.

ताडून पाहता येतील असे फोटो काढणं

दोन फोटोंमध्ये एकाच वेळी फोकस, उजेड आणि झूम असं तिन्ही बदललेलं असेल तर कोणता का चांगला, हे कळूच शकत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी १०x खाली मूलाग्राचा तो भाग शोधा जिथे पेशी लहान, चौकोनी आणि दाट आहेत. विभाजन तिथेच चालतं. लांबट पेशी दिसायला लागल्या की तुम्ही टोकापासून दूर आलात असं समजा. हवी ती पेशी दृष्टिक्षेत्राच्या मधोमध आणा, मग ४०x फिरवा. आता डोळा आयपीसला लावून फाइन ॲडजस्टमेंटने गुणसूत्रं नीट दिसेपर्यंत फोकस करा. मोबाइल त्यानंतर.

मोबाइलची मुख्य लेन्स आयपीसपासून साधारण एक ते दोन सेंटिमीटरवर धरून पुढे-मागे करा. एका ठरावीक अंतरावर उजेडाचं वर्तुळ सर्वांत मोठं आणि कडेपर्यंत सारखं दिसतं. ते अंतर पकडा. हाताने ते टिकत नाही. अडॅप्टर असेल तर उत्तम, नसेल तर आयपीसभोवती बसणारी जाड पुठ्ठ्याची नळी त्या उंचीची कापून घ्या. मग स्क्रीनवर पेशीवर बोट दाबून धरा. काही मोबाइलवर ‘AE/AF LOCK’ असं येतं, काहींवर कुलपाची खूण येते. याने मोबाइलचा फोकस आणि उजेड दोन्ही गोठतात आणि पुढचा सगळा बदल फक्त सूक्ष्मदर्शकाच्या नॉबने होतो. एचडीआर आणि फिल्टर बंद ठेवा. झूम एकदा ठरवला की बदलू नका, कारण अनेक मोबाइल झूम वाढवला की गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातात. शटर तीन सेकंदांच्या टायमरवर ठेवा.

उजेडाबाबत आपल्याकडे दोन अडचणी हमखास येतात. पहिली, आरशाच्या सूक्ष्मदर्शकाची. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीतला उजेड दोन फोटोंच्या मधल्या अर्ध्या मिनिटात बदलतो. ढग सरकला की पार्श्वभूमी पांढऱ्याची राखाडी होते आणि तोच रंग अचानक जांभळट वाटू लागतो. पावसाळ्यात शक्यतो एलईडीचा सूक्ष्मदर्शक घ्या, नाहीतर आरशासमोर टेबललॅम्प ठेवून त्याचाच उजेड वापरा. दुसरी अडचण एलईडीची: काही दिवे विजेच्या ५० हर्ट्झमुळे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात. मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. हे पट्टे रंग असमान चढल्याची खूण समजून स्लाइड फेकून देण्याचे प्रकार होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

फोटो ताडून पाहायचे ते मूळ फाइलवर. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचित होतो आणि बारीक कडा सर्वांत आधी जातात. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फोकस: एकाच पेशीचे पाच फोटो

४०x ऑब्जेक्टिव्हवर ४०/०.६५ असं कोरलेलं असतं. त्यातला ०.६५ हा आकडा फोकसच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या भिंगाखाली एका वेळी साधारण दीड मायक्रॉन जाडीचाच थर धारदार दिसतो. दाबलेली पेशीदेखील त्याच्या कितीतरी पट जाड असते. म्हणजे वरची भित्तिका, मधली गुणसूत्रं आणि खालची भित्तिका हे तीन वेगवेगळे मजले आहेत आणि एका फोटोत एकच मजला येतो. १०x खाली हा थर आठ-नऊ मायक्रॉनचा असतो, म्हणून तिथे सगळंच एकदम नीट दिसतं आणि ४०x वर आल्यावर ‘फोकस बिघडला’ असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं.

यावर उपाय म्हणजे एकाच पेशीचे पायरीपायरीने पाच फोटो. बऱ्याच शिकाऊ सूक्ष्मदर्शकांत फाइन नॉबवरची एक रेघ सुमारे दोन मायक्रॉनची असते. गुणसूत्रं डोळ्याला सर्वांत चांगली दिसतात तिथून दोन रेघा मागे जा, मग एकेक रेघ पुढे येत पाच फोटो घ्या. नॉब एकाच दिशेने फिरवायचा. मध्येच उलटा फिरवला तर गिअरमधली ढिलाई आधी भरून निघते आणि एक रेघ फिरवूनही भिंग जागचं हलत नाही. फाइलींना लगेच नावं द्या:

```
mul_40x_f1.jpg
mul_40x_f2.jpg
mul_40x_f3.jpg
mul_40x_f4.jpg
mul_40x_f5.jpg
```

आता हे पाच फोटो संगणकावर १०० टक्के आकारात उघडा. मोबाइलच्या पडद्यावर छोट्या आकारात पाचही सारखेच चांगले वाटतात, त्यावर निर्णय घेऊ नका. नजर एकाच जागी ठेवा, म्हणजे मध्यरेषेवरच्या गुणसूत्रांच्या टोकाला. तिथे गडद रंगाकडून फिकट रंगाकडे जाणारी कड किती अरुंद आहे ते पाहा. ज्या फोटोत ती सर्वांत अरुंद, तो त्या पेशीचा फोकस.

ठरत नसेल तर फाइलचा आकार पाहा. एकच दृश्य, एकच उजेड, एकच झूम असेल तर धारदार फोटोची जेपीईजी फाइल सहसा मोठी होते, कारण बारीक तपशील साठवायला जास्त जागा लागते. पाच फाइली समजा २.१, २.४, २.९, २.६ आणि २.२ एमबी आल्या, तर तिसऱ्या फोटोकडे आधी पाहा. मात्र ही खूण पूर्ण चित्राबद्दल बोलते, तुमच्या पेशीबद्दल नाही. आजूबाजूच्या भित्तिका दुसऱ्या मजल्यावर असतील तर मोठी फाइल त्यांच्यामुळेही येऊ शकते. आणि कमी उजेडात फोटोत दाणे आले तर फाइल फुगते, तपशील मात्र वाढत नाही. शेवटचा शब्द डोळ्याचाच.

धूसर फोटोंचं कारण धूसरपणाच्या आकारावरून ओळखता येतं. सगळ्या दिशांना सारखा पसरलेला धूसरपणा म्हणजे फोकस चुकला. प्रत्येक ठिपका एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसला तर मोबाइल किंवा टेबल हललं. मध्यभाग नीट आणि चारही कडा धूसर असतील तर बहुधा भिंगाचाच स्वभाव आहे. साध्या ॲक्रोमॅट ऑब्जेक्टिव्हचं दृष्टिक्षेत्र पूर्ण सपाट नसतं, तेव्हा तो दोष मानू नका, पेशी मध्यभागी घ्या आणि कडा कापा. डावी बाजू नीट आणि उजवी धूसर असेल तर कव्हर स्लिप तिरकी बसली आहे. मुळाचा तुकडा जाड राहिला, नीट दाबला गेला नाही की असं होतं. हे फोटोत दुरुस्त होत नाही, स्लाइड पुन्हा दाबावी लागते.

एक वेगळीच तक्रारही येते: कितीही फिरवलं तरी ४०x वर एकही कड धारदार होत नाही, सगळ्यावर हलकं दूध सांडल्यासारखं दिसतं. अशा वेळी तीन गोष्टी क्रमाने तपासा. ऑब्जेक्टिव्हच्या टोकाला रंग किंवा ॲसिटिक ॲसिड लागलंय का (लेन्स पेपरने हलक्या हाताने पुसा, रुमालाने नको). कव्हर स्लिपा दोन चिकटून आल्यात का, कारण ४०x भिंग ०.१७ मिलिमीटर जाडीच्या एकाच कव्हर स्लिपसाठी बनवलेलं असतं आणि दुप्पट जाडीला त्याची प्रतिमा बिघडते. आणि तिसरं, भिंगात बुरशी आहे का. खाडीकाठच्या दमट हवेत, सिलिका जेल न ठेवलेल्या पेटीत वर्षभर राहिलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात. तसं दिसलं तर शेजारचा सूक्ष्मदर्शक घ्या आणि लॅब असिस्टंटना सांगा.

रंग सारखा चढलाय म्हणजे नेमकं काय

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. रंग सारखा चढला म्हणजे चित्र सगळीकडे सारखं गुलाबी, असा अर्थ नाही. ॲसिटोकार्मिनने गुणसूत्रं गडद लाल व्हायला हवीत आणि पेशीद्रव्य जवळजवळ बिनरंगी राहायला हवं. समानता पाहायची ती एकाच प्रकारच्या गोष्टींत: शेजारशेजारच्या पाच-सहा पेशींची केंद्रकं एकसारखी गडद आहेत का, त्यांचं पेशीद्रव्य एकसारखं फिकट आहे का. मुळाचं टोक आणि त्यामागचा लांबट पेशींचा भाग यांच्या रंगात फरक असतोच. टोकाकडच्या पेशी लहान आणि दाट, त्यामुळे तो भाग गडद दिसतो. त्याला असमान रंग म्हणू नका.

आता समजा फोटोचा एक कोपरा खरोखर गडद आहे. तो रंगाचा, उजेडाचा की मोबाइलचा? स्लाइड थोडी सरकवा आणि दुसरा फोटो घ्या. (सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी असते, स्लाइड उजवीकडे नेली की चित्र डावीकडे जातं, हे लक्षात ठेवा.) गडद भाग पेशींबरोबर सरकला तर दोष स्लाइडवर आहे. तो फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष स्लाइडचा नाही. मग मोबाइल काढून पुन्हा नीट मध्यावर बसवा. कोपरा उजळला तर मोबाइल बाजूला सरकलेला होता. तरीही तसाच राहिला तर आरसा किंवा कंडेन्सर मध्यावर नाही. शेवटी स्लाइडचा पेशी नसलेला मोकळा भाग दृष्टिक्षेत्रात आणून एक फोटो घ्या आणि जपून ठेवा. हा मोकळा फोटो पुढे उजेडाचा साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो: मोकळ्या फोटोतही तोच कोपरा काळसर असेल तर कोणाशी वाद घालायची गरज उरत नाही.

दोष स्लाइडचाच निघाला तर त्याची कारणं तयारीत असतात. मूलाग्र ॲसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब यात हलकं गरम करून पाच ते दहा मिनिटं ठेवायचं असतं. ॲसिड पेशींना जोडणारा मधला थर सैल करतं. ते कमी पडलं तर पेशी सुट्या होत नाहीत, दोन-तीन थर एकमेकांवर राहतात आणि फोटोत गडद ढग दिसतो. तो जास्त रंग नसतो, जास्त पेशी असतात. ओळखायची युक्ती सोपी: फाइन नॉब फिरवल्यावर त्या ढगात दुसऱ्या पेशींच्या भित्तिका वर येत असतील तर थर आहेत. गरम करताना रंग उकळला किंवा सुकला तर कार्मिनचे काळसर लाल कण बसतात. हे कण भित्तिकांची पर्वा न करता कुठेही, अगदी दोन पेशींवर मिळून पडलेले असतात आणि बहुधा वेगळ्या मजल्यावर फोकसमध्ये येतात. नवशिके त्यांना गुणसूत्रं समजतात. रंग वापरण्यापूर्वी गाळून घेतला की हे बरंच टळतं.

फक्त कडेच्या पेशी फिकट आणि आक्रसलेल्या दिसत असतील तर स्लाइड वाळते आहे. ही तात्पुरती स्लाइड असते. पंख्याखाली तिच्या कडेने लवकरच हवा आत शिरू लागते. म्हणून तुलनेचे सगळे फोटो एका बैठकीत घ्या, किंवा कव्हर स्लिपच्या चारही कडा नेलपॉलिशने बंद करा. पहिला फोटो अकराचा आणि दुसरा जेवणाच्या सुट्टीनंतरचा, अशा जोडीत रंगाची तुलना करू नका.

डोळ्यावर विश्वास बसत नसेल तर ImageJ या मोफत प्रोग्रॅमने रंग मोजता येतो. कार्मिन हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे फोटोचा हिरवा भाग वेगळा काढला की रंगलेली जागा तिथे सर्वांत काळी दिसते.

```
File > Open
Image > Color > Split Channels
Analyze > Measure
```

हिरव्या भागात छोटं वर्तुळ काढून तीन जागी मोजा: मोकळी पार्श्वभूमी, पेशीद्रव्य, गुणसूत्रं. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. पेशीद्रव्य आणि गुणसूत्रं यांच्या आकड्यांत जितकं अंतर जास्त, तितकी गुणसूत्रं उठून दिसतात. मात्र हे आकडे त्याच मोबाइलच्या, त्याच लॉकखाली घेतलेल्या फोटोंमध्येच ताडायचे. मोबाइल उजेडाचं स्वतःचं गणित करून फोटो बनवतो, त्यामुळे या आकड्यांवरून ‘इतका रंग शोषला’ असं जर्नलमध्ये लिहिता येत नाही.

स्पष्टता, आणि खोटी स्पष्टता

फोकस बरोबर, रंगही ठीक, तरी फोटो धुतल्यासारखा वाटतो. असं झालं की कंडेन्सरखालचा आयरिस डायफ्राम पाहायचा. तो पूर्ण उघडा असेल तर आजूबाजूचा उजेड आत येऊन चित्र फिकट होतं. मग नवशिका तो जवळजवळ बंद करतो, आणि एकदम सगळ्या कडा काळ्या, ठळक दिसू लागतात. हीच खोटी स्पष्टता. डायफ्राम फार बंद केला की भिंगाची बारीक तपशील सोडवण्याची ताकद कमी होते आणि प्रत्येक कडेला काळी-पांढरी जोडरेघ तयार होते. दोन गुणसूत्रांमधली फट त्या रेघांत भरून जाते. चित्र ठळक झालं, माहिती कमी झाली.

योग्य जागा अशी शोधा: आयपीस काढून नळीतून खाली पाहा. भिंगाच्या मागच्या बाजूला उजेडाची गोल चकती दिसते. डायफ्राम हळूहळू बंद करत चकतीचा व्यास मूळच्या सुमारे तीन-चतुर्थांश झाला की थांबा. आयपीस परत लावा. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर दिव्याच्या नॉबने करा, डायफ्रामने नाही.

जोडरेघ ओळखायला एखाद्या भित्तिकेकडे पाहा. तिच्या दोन्ही बाजूंना तिला समांतर अशी उजळ पांढरी किनार दिसत असेल तर डायफ्राम फार बंद आहे. मोबाइलचं स्वतःचं ‘शार्प’ करणंही अशीच किनार तयार करतं, म्हणून पोर्ट्रेट किंवा सीन मोड बंदच हवेत. डायफ्राम उघडूनही किनार तशीच राहिली तर ती मोबाइलची आहे.

हवेचा बुडबुडा मात्र कोणालाही लगेच ओळखता यावा: जाड, काळी, अगदी गोल कड आणि आत काहीच नाही. ठिपके कुठले आहेत हे शोधायचं असेल तर आयपीस फिरवा. ठिपके त्याच्याबरोबर फिरले तर धूळ आयपीसवर आहे.

आणखी एक मर्यादा मान्य करावी लागते. ०.६५ च्या भिंगाखाली साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. मोबाइलवर चिमटीने कितीही मोठं केलं तरी त्यापलीकडे तपशील येत नाही, फक्त ठिपके मोठे होतात.

चार फोटो समोर ठेवून

समजा वाशीतल्या एका प्रयोगशाळेत एकाच स्लाइडवरून मध्यावस्थेचे चार फोटो निवडीसाठी आले आहेत. ओळ आधीच लिहिलेली आहे: ‘मध्यावस्था, गुणसूत्रं मध्यरेषेवर’.

पहिला फोटो गडद किरमिजी, पाहताक्षणी आवडणारा. हिरव्या भागात पार्श्वभूमी १५०, पेशीद्रव्य ८०, गुणसूत्रं ४५. म्हणजे पेशीद्रव्य आणि गुणसूत्रं यांच्यात फक्त ३५ चं अंतर. भित्तिकांना पांढरी किनारही आहे. उजेड कमी, डायफ्राम बंद, आणि पेशीद्रव्यातही रंग राहिलेला.

दुसऱ्यात पार्श्वभूमी २१०, पेशीद्रव्य १७०, गुणसूत्रं ६०. अंतर ११०. गुणसूत्रांची टोकं सुटी दिसतात. पण वरचा डावा कोपरा काळसर आहे, आणि म्हणून तो मागे पडलेला. मोकळा फोटो शेजारी ठेवल्यावर तोच कोपरा तिथेही काळसर निघतो. दोष मोबाइलच्या बसण्याचा, स्लाइडचा नाही.

तिसरा सर्वांत उजळ, स्वच्छ, कोपरे सारखे, भित्तिका अगदी धारदार. १०० टक्क्यांवर पाहिलं की मध्यरेषेवरचा पट्टा मात्र एकसंध डागासारखा. फोकस वरच्या भित्तिकेवर बसलाय, गुणसूत्रांचा मजला खाली राहिला. चौथ्यात फोकस चांगला आहे, पण पेशीखाली दुसरी पेशी आहे आणि अर्धी गुणसूत्रं तिच्या केंद्रकावर आली आहेत.

आमच्या मते निवड दुसऱ्याची. कारण या चार दोषांत फक्त कोपऱ्याचा दोष असा आहे जो ओळीत लिहिलेल्या गोष्टीला धक्का लावत नाही. काळसर कोपरा पेशीपासून दूर असेल तर कापून टाकता येतो. वेळ असेल तर मोबाइल नीट बसवून त्याच पेशीचा फोटो पुन्हा घेणं आणखी चांगलं. तिसऱ्यात फोकस कुठल्याही ॲपने खाली आणता येत नाही. पहिल्याचा डायफ्राम आणि उजेड दुरुस्त करून परत फोटो घेता येईल, पण पेशीद्रव्यातला रंग तसाच राहील. त्यासाठी कव्हर स्लिपच्या एका कडेला ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्यावा लागेल. चौथ्यासाठी शेजारी एकेरी थरातली पेशी शोधावी, तिच्यावर वेळ घालवू नये.

म्हणून क्रम असा ठेवतो: ओळीतली गोष्ट फोकसमध्ये नसेल तर फोटो तिथेच बाद. मग रंग, तोही गुणसूत्रं आणि पेशीद्रव्य यांच्यातला फरक म्हणून. स्पष्टता आणि कोपरे सगळ्यांत शेवटी. तिन्हींना पाच-पाच गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिच्यात वरचा तिसरा फोटो जिंकू शकतो, म्हणून ती आम्ही सुचवत नाही.

जर्नलमध्ये लावताना

निवडलेल्या फोटोखाली ‘४०० पट’ एवढंच लिहिणं बरोबर नाही. १० गुणिले ४० हे डोळ्याने पाहतानाचं मोठेपण आहे. मोबाइल, कापणं आणि छपाई यानंतर ते उरत नाही. मोजपट्टी लावा, म्हणजे फोटो लहान-मोठा झाला तरी तीही सोबत बदलते.

स्टेज मायक्रोमीटर असेल तर त्याच सेटिंगमध्ये त्याचा फोटो घ्या. त्याची एक बारीक रेघ ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. नसेल तर पारदर्शक पट्टी १०x खाली ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास मोजा. तो १.८ मिलिमीटर आला तर ४०x खाली एक-चतुर्थांश, म्हणजे ०.४५ मिलिमीटर किंवा ४५० मायक्रॉन. (भिंग ४५x असेल तर १.८ ला ४.५ ने भागा.) आता न कापलेल्या फोटोत पूर्ण वर्तुळाचा व्यास २७०० पिक्सेल भरला तर ६ पिक्सेल म्हणजे एक मायक्रॉन, आणि ५० मायक्रॉनची पट्टी ३०० पिक्सेल लांब. १५० पिक्सेल रुंदीची पेशी २५ मायक्रॉनची ठरते, जे मूलाग्रातल्या पेशीला शोभणारं माप आहे. शंभर मायक्रॉन आलं तर कुठेतरी झूम बदललाय. ImageJ मध्ये हे असं करतात:

```
Analyze > Set Scale
Analyze > Tools > Scale Bar
```

पट्टी कापण्यापूर्वी लावली तर कापताना ती फोटोत राहील अशा जागी ठेवा. कापणं आणि पूर्ण फोटोचा उजेड थोडा वाढवणं चालतं, पण उजेड बदललेला असेल तर तसं ओळीत लिहा. एखाद्या पेशीपुरता रंग गडद करणं किंवा नको असलेला कण खोडणं चालत नाही. तो कण तिथे होता.

फोटोखालची ओळ अशी असू द्या: ‘कांदा, मूलाग्र, ॲसिटोकार्मिन, ४०x ऑब्जेक्टिव्ह, मध्यावस्था; पट्टी = ५० मायक्रॉन; कडा कापल्या आहेत.’ प्रिंट मॅट कागदावर घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं पेशीवर पडतं. झेरॉक्सच्या दुकानात ‘ऑटो करेक्ट’ बंद ठेवायला सांगा, नाहीतर मशीन गुलाबी पार्श्वभूमी पांढरी करायच्या नादात फिकट केंद्रकं उडवून टाकतं. हातात आलेला प्रिंट मूळ फाइलशेजारी धरून गुणसूत्रांची टोकं अजून सुटी दिसतात का ते पाहा, आणि मगच गोंद लावा.